डीमोझेकिंगचे ठसे सापडले म्हणजे नेमकं काय सापडलं?

प्रश्न: "आमच्या छायाचित्र स्पर्धेत एका पक्ष्याच्या फोटोवर 'हा कॅमेऱ्याने काढलेलाच नाही' असा आक्षेप आलाय. स्पर्धकाने मूळ म्हणून एक जेपेग दिली आहे. तिच्यात डीमोझेकिंगचे ठसे सापडले तर फोटो खऱ्या सेन्सरमधून आला असं लेखी देता येईल का? आणि नाही सापडले तर?"

आधी थोडक्यात सांगतो, कारण तुम्हाला निर्णय द्यायचा आहे. ठसे नीट सापडले तर "ही फाइल कॅमेऱ्याच्या सेन्सरमधून आलेल्या चित्रासारखी वागते" एवढं लिहिता येतं. ते उपयोगाचं आहे, पण सिद्ध झालं म्हणण्याइतकं नाही. ठसे नाही सापडले तर नुसत्या त्यावरून काहीच लिहिता येत नाही. बहुतेक जण इथेच घसरतात. ठशांचा अभाव हा स्पर्धकाविरुद्धचा पुरावा म्हणून कृपया वापरू नका. असं का, ते समजायला सेन्सरच्या आत काय घडतं ते एकदा जवळून बघावं लागेल.

सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला ते कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी बसवलेली असते. आज सगळीकडे दिसणारी मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, तिचं पेटंट 1976 चं. दोन बाय दोनच्या प्रत्येक चौकटीत दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी गाळणी. हिरव्या गाळण्या तिरक्या समोरासमोर असतात, त्यामुळे सगळ्या सेन्सरवर हिरव्याचा बुद्धिबळाचा पट तयार होतो. पटातल्या एका रंगाच्या घरांत हिरवा मोजलेला आणि दुसऱ्या रंगाच्या घरांत तो मोजलेलाच नाही, तिथे लाल किंवा निळा मोजलाय. तयार फोटोत मात्र प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग लागतात. राहिलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरायचे, यालाच डीमोझेकिंग म्हणतात. म्हणजे 24 मेगापिक्सेलच्या फोटोतल्या एकूण रंगआकड्यांपैकी दोन तृतीयांश आकडे कधी कुणी मोजलेलेच नसतात. पुढे मी "मोजलेले" आणि "भरलेले" हे दोनच शब्द वापरणार आहे.

आता एक घर उघडून बघू. मधला पिक्सेल लाल गाळणीचा आहे. त्याच्या वर हिरवा 118 मोजला, डावीकडे 124, उजवीकडे 121, खाली 117. सगळ्यात साधी पद्धत या चौघांची सरासरी काढते: बेरीज 480, म्हणून मध्ये 120. त्या जागी प्रत्यक्षात हिरवा 126 पडला असेल किंवा 115, ते कॅमेऱ्याला कधीच कळलं नाही. पण तुम्ही नंतर येऊन "हा पिक्सेल आपल्या चार शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा किती वेगळा?" असं विचारलंत, तर उत्तर बरोबर शून्य येईल. शेजारच्या मोजलेल्या पिक्सेलला तोच प्रश्न विचारलात तर शून्य येणार नाही, कारण त्याच्यात सेन्सरचा स्वतःचा नॉइज आहे. निव्वळ नॉइज असलेल्या सपाट भागात, या साध्या सरासरीच्या पद्धतीत, मोजलेल्या घरातल्या फरकाचं व्हेरियन्स, म्हणजे आकडे किती विखुरलेत त्याचं माप, मूळ नॉइजच्या व्हेरियन्सच्या साधारण 0.64 पट येतं आणि भरलेल्या घरात शून्य. म्हणजे संपूर्ण फोटोभर एक घर खडबडीत, एक घर गुळगुळीत, असा पट पसरलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही, आकड्यांना दिसतो. आपण ज्याला ठसा म्हणतो तो हाच.

कॅमेरे इतकी साधी सरासरी वापरत नाहीत. ते कडा ओळखून, कडेच्या दिशेने भरतात, लाल-निळ्याचीही मदत घेतात. त्यामुळे प्रत्यक्षात शून्य कधी येत नाही, पण दोन घरांमधला फरक राहतो. पोपेस्कू आणि फरीद यांनी 2005 मध्ये शेजाऱ्यांवरचं हे अवलंबन सांख्यिकीने शोधून दाखवलं, गॅलघर आणि चेन यांनी 2008 मध्ये कर्णरेषांवरचं व्हेरियन्स मोजून हाच पट पकडला आणि कॅमेऱ्याचे फोटो संगणकावर रंगवलेल्या चित्रांपासून वेगळे केले. मी स्वतः पहिल्या चाचणीला याहून साधं काहीतरी करतो, ते तुम्हीही घरी करू शकता:

```python
import numpy as np
from PIL import Image

g = np.asarray(Image.open("crop.tif").convert("RGB"), dtype=float)[:, :, 1]
r = g[1:-1, 1:-1] - (g[:-2, 1:-1] + g[2:, 1:-1]
                     + g[1:-1, :-2] + g[1:-1, 2:]) / 4
for a in (0, 1):
    for b in (0, 1):
        print(a, b, r[a::2, b::2].var())
```

यातून चार आकडे मिळतात, दोन बाय दोनच्या चौकटीतल्या चार जागांचे. बेयरचा ठसा असेल तर `0 0` आणि `1 1` एकमेकांसारखे येतात, `0 1` आणि `1 0` एकमेकांसारखे येतात, आणि या दोन जोड्यांमध्ये मात्र स्पष्ट अंतर असतं. मोठ्या जोडीला लहान जोडीने भागा, तो झाला गुणोत्तराचा आकडा. 1 च्या आसपास म्हणजे ठसा नाही. कोणती जोडी मोठी हे कातरण कुठून सुरू केलं त्यावर ठरतं, त्यामुळे कातरताना डाव्या-वरच्या कोपऱ्याचे आकडे सम ठेवायची सवय लावा, नाहीतर नंतर भाग एकमेकांशी ताडताना गोंधळ होतो.

चार आकडे वेगळे का काढायचे, दोनच का नाही? कारण ठशासारखं दिसणारं दुसरंही काही असतं. एखादं चित्र सॉफ्टवेअरमध्ये दुप्पट मोठं केलं की तिथेही पिक्सेल अंदाजाने भरले जातात आणि दर दुसऱ्या पिक्सेलला पुनरावृत्ती येऊ शकते. पण तिथे एक घर मूळ आणि तीन भरलेली अशी मांडणी होते, किंवा चारही घरं सारखीच भरलेली असतात. दोन-दोनची तिरकी जोडी लागत नाही. चित्र बनवणाऱ्या एआय मॉडेल्सच्या आतही लहान चित्र दुप्पट-दुप्पट करत नेण्याचे टप्पे असतात, त्यांच्याही खुणा राहतात. "दर दोन पिक्सेलला काहीतरी पुनरावृत्ती आहे" एवढ्यावर खूश होऊ नये, तिरका पट दिसायला हवा. याच कारणासाठी मी लाल आणि निळा चॅनल बघत नाही. बहुतेक जेपेगमध्ये रंगाची माहिती अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने साठवलेली असते आणि फाइल उघडताना ती दुप्पट करून पसरली जाते. त्या पसरवण्याचीच खूण लाल-निळ्यात दिसते आणि नवशिका तिला सेन्सर समजतो. हिरवा चॅनल मुख्यतः उजेडाच्या माहितीतून येतो, तो पूर्ण रिझोल्यूशनला साठवलेला असतो.

तुम्ही "नाही सापडले तर" असं विचारलंय, त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या खऱ्या फोटोंपैकी ठसा नसलेलेच जास्त असतात.

पहिलं कारण आकार बदलणं. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारण 1600 पिक्सेल लांबीचा होतो. 4000 पिक्सेलचा मूळ फोटो तिथे अडीच पट आक्रसला. नव्या फोटोतला प्रत्येक पिक्सेल जुन्या सहा-सात पिक्सेलचं मिश्रण आहे, मोजलेले आणि भरलेले दोन्ही एकत्र कालवलेले. पट पुसला गेला, तो परत काढता येत नाही. तिरका फोटो दोन अंशांनी सरळ केला, लेन्सची वक्रता सॉफ्टवेअरने दुरुस्त केली, डिजिटल झूम वापरला, तरी हेच होतं. वाइड लेन्सची दुरुस्ती फोन स्वतःच करतात, म्हणजे तुमच्या हातात पहिली फाइल येण्याआधीच.

दुसरं कारण जेपेग, आणि इथे लोकांचा अंदाज हमखास चुकतो. "क्वालिटी 95 ने सेव्ह केलाय, काही बिघडलं नसेल" असं म्हणतात. जेपेग आठ बाय आठचे ठोकळे करतं आणि प्रत्येक ठोकळ्यातली बारीक थरथर मोठ्या पायरीने पूर्णांकात आणतं. या पायऱ्यांच्या प्रमाणित तक्त्यात सगळ्यात बारीक थरथरीची पायरी 99 आहे, क्वालिटी 95 ला ती 10 होते. म्हणजे त्या जागी 5 पेक्षा लहान असलेलं सगळं शून्य. चांगल्या उजेडातल्या फोटोत नॉइजचं प्रमाण विचलन समजा 2 आहे, तर त्या कोपऱ्यातले जवळजवळ सगळे आकडे शून्य झाले. आपला ठसा तर नेमका याच बारीक थरथरीवर उभा आहे. क्वालिटी 98 ला ही पायरी 4 असते, तिथे बरंच काही वाचतं. कॅमेरे आणि फोन आपापले तक्ते वापरतात, त्यामुळे क्वालिटीचा आकडा न विचारता फाइलमधला तक्ताच वाचावा.

तिसरं कारण असं की काही खऱ्या कॅमेऱ्यांत हा पट मुळात नसतोच. सिग्माच्या फोव्हिऑन सेन्सरमध्ये रंग थरांत मोजले जातात, गाळण्यांची जाळीच नाही. लायकाच्या मोनोक्रोम कॅमेऱ्यांवर गाळण्या नाहीत. फुजीफिल्मच्या एक्स-ट्रान्स सेन्सरची मांडणी सहा बाय सहाची आहे, वरचा कोड तिथे नीट उत्तर देणार नाही. आणि आजचे फोन एका क्लिकला अनेक फ्रेम घेतात. गूगलच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत हाताच्या नैसर्गिक थरथरीमुळे किंचित सरकलेल्या अनेक फ्रेम थेट एकत्र करतात, तिथे डीमोझेकिंगची पायरीच गळते. फोटो शंभर टक्के सेन्सरचा, ठसा मात्र नाही.

यावर विश्वास बसत नसेल तर स्वतःच्या कॅमेऱ्याची एखादी जुनी रॉ फाइल घेऊन, रॉ फाइलचा फोटो बनवणाऱ्या dcraw या प्रोग्रामने हे तीन प्रकार करून बघा. प्रत्येक आज्ञा त्याच नावाच्या टिफवर लिहिते, म्हणून मध्ये फाइलचं नाव बदला:

```
dcraw -q 0 -o 0 -T test.NEF
dcraw -q 3 -o 0 -T test.NEF
dcraw -h -o 0 -T test.NEF
```

पहिली साध्या सरासरीने भरते, दुसरी कडा ओळखून, आणि तिसरी काहीच भरत नाही, चार पिक्सेलचा एक करते. तिन्ही टिफमधला निवांत, किंचित नॉइज असलेला तोच भाग कातरून कोड चालवा. पहिल्यात गुणोत्तर ठळक, दुसऱ्यात उतरलेलं आणि तिसऱ्यात 1 च्या जवळ. सेन्सर तोच, क्षण तोच. ठसा सेन्सरचा नसतो, सेन्सरनंतरच्या प्रक्रियेचा असतो, हे माझ्या लक्षात या प्रयोगाने आलं, आणि तेव्हापासून अहवालातली माझी भाषा बदलली.

आता तुमच्यासारखंच एक प्रकरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेतला तळ्याकाठच्या खंड्याचा फोटो माझ्याकडे आला. आक्षेप असा की पक्षी नंतर चिकटवलाय. फाइल 6000 बाय 4000, म्हणजे त्या कॅमेऱ्याचा पूर्ण आकार, आणि जेपेगचा तक्ता सौम्य. मागच्या धूसर पाण्यावर गुणोत्तर 1.9 आलं. खंड्याच्या छातीवर 1.1. परीक्षकांपैकी एकाने लगेच "झालं की मग" म्हटलं. मी थांबायला सांगितलं. पिसांसारख्या बारीक पोताच्या भागात शेजाऱ्यांपेक्षा वेगळेपणा नॉइजमुळे नाही, पिसांमुळे येतो, आणि तो मोजलेल्या घरात जितका तितकाच जवळपास भरलेल्या घरातही असतो. अशा भागात गुणोत्तर आपोआप 1 कडे सरकतं. मग त्याच फोटोत पोत तेवढाच दाट असलेली जागा शोधली. डाव्या कडेला पाणवनस्पतीची पाती होती, फोकस साधारण तोच. तिथेही 1.1. वर पांढरं जळलेलं आकाश होतं, तिथे दोन्ही व्हेरियन्स शून्याच्या जवळ, म्हणजे गुणोत्तराला काही अर्थच नाही. एवढ्यावर मी लिहिलं: पक्ष्याच्या भागात वेगळेपणा आढळला नाही, पण हा भाग या चाचणीला योग्यही नाही.

त्यानंतर एक जास्त बोलकी गोष्ट तपासली. पक्ष्याच्या पाठीमागे, पिसांच्या कडेला लागून, धूसर पाण्याची एक पट्टी होती. कुणी पक्षी चिकटवताना कडा नीट मिळावी म्हणून सोबत थोडं पाणी घेतलं असतं, तर त्या पट्टीचा पट उरलेल्या पाण्याच्या पटाशी जुळलाच असता असं नाही. चिकटवलेला तुकडा आडवा-उभा मिळून विषम पिक्सेलने सरकला असेल तर मोजलेली आणि भरलेली घरं उलटतात. योगायोगाने जुळण्याची शक्यता अर्धी. माझ्या फाइलमध्ये पट्टीत आणि बाकी पाण्यात तीच जोडी मोठी होती. हे पक्ष्याच्या बाजूचं आहे, पण नाणं उडवण्याइतकंच बाजूचं, म्हणून अहवालात त्याच वजनाने लिहिलं. निकाल शेवटी लागला तो स्पर्धकाने रॉ फाइल आणि त्याच्या आगेमागे काढलेल्या नऊ फ्रेम दिल्या तेव्हा. एका फ्रेममध्ये खंड्या मान वळवत होता. त्या नऊ फ्रेमनी जे केलं ते माझ्या गुणोत्तराने केलं नसतं.

आणखी एक बाजू तुम्ही विचारली नाही, पण लेखी देण्याआधी माहीत हवी. हा ठसा बनवता येतो. कोणतंही चित्र घ्या, प्रत्येक पिक्सेलचे दोन रंग फेकून बेयरसारखी जाळी करा, ती नेहमीच्या पद्धतीने भरा, की तयार. किर्शनर आणि ब्योमे यांनी 2009 मध्ये ठसा शक्य तितका कमी बिघाड करून कसा बसवता येतो ते मांडलं. त्याहून सोपा रस्ता म्हणजे चांगल्या मॉनिटरवर बनावट चित्र लावून कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढायचा. त्या फाइलमध्ये ठसा पूर्ण खरा असतो, कारण चित्र खरोखरच सेन्सरमधून गेलंय. सेन्सरमधून गेलं आणि पक्षी तळ्याकाठी बसला होता, ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसरं निघत नाही. हौशी फसवणूक करणारा एवढे कष्ट घेत नाही, हेही खरं, आणि म्हणून सापडलेल्या ठशाला मी काही वजन देतो. बक्षीस मोठं असेल तर तेवढं कमी देतो.

तर तुमच्या फाइलबद्दल. आधी तिचे पिक्सेल कॅमेऱ्याच्या पूर्ण आकाराइतके आहेत का बघा. नसतील आणि फोटो नुसता कातरलेला नसून लहान केलेला असेल तर चाचणी करूच नका, तिचा निकाल आधीच ठरलेला आहे. असतील तर जेपेगचा तक्ता वाचा, मग धूसर, मध्यम उजेडाच्या, न जळलेल्या चार-पाच जागा निवडून कोड चालवा. त्याच कॅमेऱ्याने, त्याच जेपेग सेटिंगवर स्पर्धकाकडून दहा-बारा नवे फोटो काढून घ्या आणि तशाच जागांवरचे आकडे शेजारी ठेवा. नव्या फोटोंतही ठसा नसेल तर जुन्यात नसणं स्वाभाविक आहे. नव्यांत ठळक असेल आणि आक्षेप घेतलेल्या, तितक्याच मोठ्या, तशाच तक्त्याच्या फाइलमध्ये नसेल, तर ती फाइल कॅमेऱ्यातून आहे तशी आलेली नाही एवढं म्हणता येईल. ती फक्त लाइटरूममधून जाऊन आली असेल, ही शक्यता तरीही उरते, आणि स्पर्धकाला ते विचारायला हवं. हे सगळं करण्याआधी मात्र एक फोन करा आणि रॉ फाइल व आगेमागच्या फ्रेम मागा. पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस एकच फ्रेम काढून घरी जात नाही.

लेखी द्यायचं तर मी असं लिहीन: "तपासलेल्या अमुक भागांत बेयर मांडणीच्या डीमोझेकिंगशी सुसंगत खुणा आढळल्या. फाइल कॅमेऱ्यातून आली असल्यास अशा खुणा अपेक्षित आहेत. अशा खुणा कृत्रिमरीत्या तयार करता येतात, आणि चित्रातलं दृश्य खरं आहे की नाही यावर या चाचणीतून मत देता येत नाही." खुणा नसतील तर: "या फाइलच्या आकारामुळे आणि संपीडनामुळे ही चाचणी निष्कर्ष देऊ शकली नाही." त्यात "संशयास्पद" हा शब्द घालू नका. परीक्षक तो एकच शब्द लक्षात ठेवतात आणि खरा फोटो काढलेल्या माणसाला तो पुढे अनेक वर्षं चिकटतो.